निळी टिकली आणि तिरल्याची अंडी

धारजवळच्या तिरला गावची बाई दुसऱ्यांदा आली तेव्हा मशीनचा बोर्ड तिने ओढणीत बांधून आणला होता. मशीन म्हणजे अंडी उबवण्याची पेटी, फ्रिजएवढी. ती घरीच होती. झाकणाच्या आतल्या बाजूला जो कंट्रोलरचा बोर्ड असतो, तेवढा तिने पेचकस लावून सोडवला होता. भावजींच्या दुकानाच्या पायरीवर ती बसली आणि म्हणाली, "भिया, इस बार तो पूरा ठंडा पड़ गया."

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. धारला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुरुस्तीचं दुकान आहे. मोटरचे स्टार्टर, पंख्यांचे रेग्युलेटर, इन्व्हर्टर, असलं सगळं. मागच्या खोलीत खिडकीशी माझं टेबल आहे. मधे पडदा. गिऱ्हाइकांना ठाऊक नसतं की बारीक काम पडद्याआड होतं, आणि मला ते बरंच वाटायचं. मी माणसांपुढे बोलायला लागले की माझे हात गार पडतात. चौथीनंतर शाळा सुटली म्हणून असेल, किंवा मुळात स्वभावच तसा असेल.

बाईची गोष्ट अशी होती. बायकांच्या समूहातून तिला ही पेटी मिळाली होती. काळ्या कडकनाथ कोंबड्यांची अंडी उबवून पिल्लं आसपासच्या घरांना द्यायची, असं तिने ठरवलं होतं. पहिल्या खेपेला पेटीतला हीटर बंदच होईना. आत इतकं तापलं की अंडी शिजल्यासारखी झाली. तेव्हा तिने बोर्ड आणला, भावजींनी हीटर चालू-बंद करणारा रिले बदलला. आता दुसऱ्या खेपेला उलट झालं होतं. शेतातल्या पाण्याच्या मोटरी बंद होऊन लाइट परत आला, त्यानंतर कंट्रोलरचे आकडेच गेले. सकाळी पाहिलं तर अंडी गार. तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, घरात म्हणाले होते की आता आणखी एक खेप, त्यातही पिल्लं निघाली नाहीत तर पेटी विकून टाकू.

"एकच खेप राहिली," ती म्हणाली. तिला मराठी येत नव्हतं, पण हे वाक्य तिने कुठूनतरी शिकल्यासारखं मराठीतच म्हटलं. मी पडद्यामागून ऐकत होते.

आणि चूक माझीही होती.

पहिल्या वेळी बोर्ड माझ्याच हाताखालून गेला होता. जुना रिले मीच काढला. आतले दोन पॉइंट एकमेकांना चिकटून गेले होते. तसं होण्याचं कारण मला कळत होतं. त्या भागात रब्बीच्या पाण्याला सगळ्या मोटरी एकदम चालू होतात, व्होल्टेज खाली जातं, आणि रिलेला पुरेसा जोर मिळत नाही. मग तो धड धरतही नाही, सोडतही नाही, टकटकटक करत राहतो. प्रत्येक टकटकीला पॉइंटांत ठिणगी पडते आणि शेवटी ते वितळून चिकटतात. हीटर चालूच राहतो. नवा रिले लावला म्हणजे रोग गेला असं नाही, एवढं मला दिसत होतं.

आणखीही एक दिसलं होतं. बोर्डावर, पेटीच्या फ्यूजकडून वायर येते तिथेच, एक पांढरं वर्तुळ छापलेलं होतं, त्यात दोन भोकं, आणि भोकांत काहीच नाही. त्या जागी काय बसतं ते मला झोपेतही सांगता येईल. देवासला लग्नाआधी सहा वर्षं मी एका कारखान्यात बोर्ड भरायच्या लाइनीवर होते. माझ्या हातात तेच एक काम होतं: निळी टिकली उचलायची, पाय वाकवायचे, भोकांत घालायची, पुढच्या बाईकडे सरकवायचं. कागदावर तिचं नाव व्हेरिस्टर. आम्ही सगळ्या तिला टिकलीच म्हणत असू. रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, निळी, दोन पायांची.

आमच्या लाइनीवरच्या मोठ्या बाईंनी एकदा मला समजावलं होतं. त्या म्हणाल्या, "एरवी ही स्वस्थ बसते, काही करत नाही. विजेच्या लाइनीत एकदम झटका आला की तो स्वतःवर घेते, पुढे जाऊ देत नाही. पण फार वेळ जास्त व्होल्टेज राहिलं तर हिच्या आवाक्याबाहेरचं. तेव्हा ही जळते आणि आरपार होते, वीज सरळ हिच्यातून धावते. मग फ्यूज उडतो आणि सगळं वाचतं. म्हणून ही फ्यूजच्या पुढे बसते, मागे नाही. मागे बसवलीस तर जळताना तिला तोडणारं कोणी नसतं."

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी पहिल्या वेळी मी रिले लावून दिला आणि गप्प बसले. भावजी गिऱ्हाइकाशी बोलत होते, मधे कसं बोलायचं, असं मी मनाशी म्हटलं. त्या गप्प बसण्यात बाईची दुसरी खेप गेली.

ती पायरीवर बसलेली असतानाच मी पडदा बाजूला केला. भावजींना म्हटलं, "भावजी, हा नुसता बोर्ड बदलून भागायचं नाही."

भावजींनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू दुकानातल्या कपाटाने तोंड उघडलं. "बोला वहिनी. आज मौन सुटलं का?"

मी वर्तुळ दाखवलं. मग मागच्या वेळचं सगळं सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. भावजी रागावले नाहीत. दाढी खाजवली. मग म्हणाले, "मलाही दिसलं नाही की. पण वहिनी, तुम्ही मागच्या वेळी टेबलावर नुसती चमची वाजवली असती तरी चाललं असतं."

भावजींनी हिंदीत बाईला काय सांगितलं कोण जाणे, पण तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिने विचारलं, "भाभी, हो जाएगा?" मी मान हलवली. एवढं मोठं वचन मी आयुष्यात कोणाला दिलं नव्हतं.

नवा बोर्ड देवासहून आणावा लागणार होता. पेट्या बनवणारे गृहस्थ तिथे औद्योगिक वस्तीत एका शेडमध्ये बसतात. भावजी म्हणाले, "चला, तुमचं माहेरही होईल." बसमध्ये मी मनातल्या मनात वाक्य जुळवत होते आणि प्रत्येक थांब्याला विसरत होते.

ते गृहस्थ वयस्कर होते, जुन्या देवासच्या मराठी घरातले. बोलणं अगदी पूर्वीचं, आमच्या आजेसासूबाईंसारखं. त्यांनी नवा बोर्ड पुढे ठेवला. मी पाहिलं. वर्तुळ रिकामं.

"ह्यात व्हेरिस्टर नाही घातला," मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला की त्यांनी कानाला हात लावला. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने.

"पुरवठा व्यवस्थित असेल तर त्याची आवश्यकता नसते," ते म्हणाले.

"साहेब, तुम्ही एकदा तिरल्याचा व्यवस्थित पुरवठा बघायला या," भावजी म्हणाले. "आम्ही पोहे खाऊ घालू. बल्ब डोळे मारतो तेही दाखवू."

गृहस्थ हसले नाहीत. माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "आपण हे काम कुठे शिकलात?"

मी कारखान्याचं सांगितलं, लाइन सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला. मग आतून प्लॅस्टिकची पिशवी आणली आणि मूठभर टिकल्या माझ्या पुढ्यात ओतल्या. "दोनशे पंचाहत्तर व्होल्टच्या आहेत. पाहून घ्या." मी एकेकीवरचे आकडे वाचून पाहिले. ते थांबून राहिले, घाई केली नाही. माझ्या वाचण्यासाठी कोणी असं थांबल्याचं मला आठवत नाही. निघताना ते भावजींना म्हणाले, "पुढच्या पेट्यांत मी घालूनच देईन. ह्यांचं म्हणणं बरोबर आहे." ह्यांचं, असं म्हणाले.

धारला परत आल्यावर तीन दिवस मी त्या बोर्डावरच होते. टिकली लावायला पाच मिनिटं लागली. तिच्यावर मी वायरींवर चढवतात तसली जाड बाही चढवली, म्हणजे फुटलीच तर तुकडे उडायला नकोत. पण टकटकीचं काय? झटका वेगळा, आणि व्होल्टेज खाली जाणं वेगळं. खाली गेलेल्या व्होल्टेजला टिकली काही करू शकत नाही.

त्यासाठी बॅटरी हवी होती. कंट्रोलर आणि रिलेची कॉइल बारा व्होल्टवर चालतात. मग लहानशी बारा व्होल्टची बॅटरी घ्यायची, तिला एक छोटा चार्जर, आणि ती कंट्रोलरला जोडून ठेवायची. लाइट कितीही मिचमिचला तरी कंट्रोलरला आणि रिलेला बारा मिळत राहणार. रिले धरला तर धरून राहणार, सोडला तर सोडून. हीटर मात्र बॅटरीवर चालणार नाही, तो फार खातो. लाइट गेला की ऊब बंद, पण कंट्रोलर जागा राहील, तापमान दाखवील आणि शिट्टी वाजवील.

"बॅटरी उलटी बोर्डातून मागे वाहिली तर?" भावजींनी विचारलं. ते मला पारखत होते, हे मला कळलं.

"मधे डायोड आहे ना. आत यायला दार आहे, परत जायला नाही."

"बघा बघा, पडद्यामागे इंजिनियर बसलाय आणि मी बाहेर साइनबोर्ड रंगवतोय," ते म्हणाले आणि चहा आणायला स्वतः गेले.

पेटीला बसवायला आम्ही दोघं तिरल्याला गेलो. तिथे जे दिसलं त्याने मी हादरले. पेटीच्या मागे जो काचेचा फ्यूज होता, त्याच्यावर सिगरेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी गुंडाळलेली होती. आमच्याकडे हे घरोघर करतात. फ्यूज उडाला की नवा आणायला धारला कोण जाणार, पन्नी गुंडाळली की चालू. पण तो मग फ्यूज राहत नाही. पन्नी वितळेपर्यंत घर पेटतं.

"ये किसने किया?" भावजींनी विचारलं.

"मैंने," जेठ म्हणाले. गावातल्या सगळ्यांची वायरिंग तेच बघतात, हे त्यांच्या उभं राहण्यावरूनच कळत होतं. "तीस साल से कर रिया हूँ भिया. कुछ नी होता."

भावजी काही बोलणार होते, पण ह्या वेळी मीच पुढे झाले. माझं हिंदी धड नाही. मी पन्नी सोडवली, नवा पाच अँपिअरचा फ्यूज घातला आणि आणखी चार फ्यूज डबीत घालून डबी बाईच्या हातात दिली. टिकलीकडे बोट दाखवून म्हटलं, "ये जलेगी तो फ्यूज उड़ेगा. उड़ना चाहिए. पन्नी रहेगी तो नहीं उड़ेगा. फिर सब जलेगा." आणि तिला एकटीला आणखी सांगितलं: फ्यूज उडाला तर दुसरा लगेच घालायचा नाही. आधी मला फोन करायचा. पेटीचं दार उघडायचं नाही.

"औरतें बिजली सिखाएँगी अब," जेठ म्हणाले.

"सीख लो भाईसाब," बाई त्यांना म्हणाली, "आपके तीस साल में दो बार अंडे तो मेरे ही मरे." भावजी खोकल्याच्या निमित्ताने बाहेर गेले.

त्याच दिवशी तिने अंडी लावली. तिसरी आणि शेवटची खेप. एकवीस दिवस. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करू लागले. संध्याकाळी भावजी विचारायचे, "वहिनी, कितवा महिना?" मी खूण आणखी ठळक करायची.

मधे एकदा बाईचा फोन आला. मोटरी चालू झाल्या तेव्हा घरातला बल्ब पिवळा पडला, पण पेटीतून टकटक आली नाही, एकदाही नाही, असं तिने सांगितलं. पेटीला कान लावून ती बसली होती. त्या दिवशी मी पोळ्या लाटताना उगाच गुणगुणत होते, असं सासूबाई म्हणाल्या.

सतराव्या दिवशी, दुपारी बाराच्या सुमारास, पुन्हा फोन वाजला. मागे शिट्टी ऐकू येत होती, लांब, न थांबणारी. बाईचा आवाज त्यावर ओरडत होता. "भाभी, पेटी में से फट् हुआ. फ्यूज उड़ गया. सीटी बज री है. जेठजी पन्नी लेके खड़े हैं!"

मागून जेठांचा आवाज आला: "अंडे ठंडे हो रिये हैं, हट तू!"

माझे हात गार पडले. पण तोंड चाललं. मी विचारलं, बल्ब कसा आहे? ती म्हणाली, बल्ब तर फुटला, शेजाऱ्यांचा टीव्ही पण धूर सोडून बंद झाला. तेव्हा मला कळलं. ट्रान्सफॉर्मरपाशी न्यूट्रलची, म्हणजे परतीची, तार तुटली होती. तसं झालं की एखाद्या घरात व्होल्टेज दीडपट चढतं आणि तसंच राहतं. टिकलीने पहिला फटका घेतला, मग जास्त वेळ सोसलं नाही, जळून आरपार झाली आणि फ्यूज घेऊन गेली. जसं व्हायला हवं तसंच झालं होतं. आता पन्नी लावली तर तेच चढलेलं व्होल्टेज जळलेल्या टिकलीतून, बोर्डातून, वायरांतून वाहणार होतं, आणि थांबवायला काही नसणार होतं.

"उनको फोन दो," मी म्हटलं.

आयुष्यात मी परक्या पुरुषाशी फोनवर बोलले नव्हते. जेठ "हाँ" म्हणाले. मी म्हटलं, "भाईसाब, अंडों में अपनी गर्मी होती है. दार बंद है तो दो-तीन घंटे कुछ नहीं होता. पेटी पर रजाई डालो, पर हवा के छेद खुले रखो. लेकिन पन्नी लगाई तो पाँच मिनट में बोर्ड जलेगा, फिर अंडे पक्के मरेंगे. मैं आ रही हूँ. आप लाइनमैन को बुलाओ."

 मग ते म्हणाले, "आओ आप."

भावजी इंदूरला गेले होते. मी डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री, टिकल्या, फ्यूज आणि मल्टिमीटर पिशवीत घातलं, पदर खोचला आणि एकटी ऑटोत बसले. सासूबाईंनी मागून हाक मारली, "अगं, जेवून तरी जा," तेव्हा ऑटो हललीसुद्धा होती.

पोहोचले तेव्हा पेटीवर दोन रजया होत्या आणि जेठ पेटीच्या दाराला पाठ लावून बसले होते, कोणी उघडू नये म्हणून. आकड्यांचा लाल उजेड रजईखालून दिसत होता. बॅटरीवर कंट्रोलर जागा होता. आतलं तापमान दोन अंश खाली आलं होतं, जास्त नाही.

मी आधी मल्टिमीटर लावला. तीनशे चाळीस. जेठांना दाखवलं. त्यांनी आकडा वाचला आणि ते दारापासून बाजूला सरकले. मग पेटीचा प्लग काढला, बॅटरीची वायर सोडली आणि बोर्ड उघडला. टिकली बाहीच्या आत दोन भागांत तडकलेली, काळी. आजूबाजूला थोडी काजळी. पलीकडे रिले, कंट्रोलर, चार्जर, सगळं जसंच्या तसं. माझ्या हाताने लावलेल्या वस्तूने इतकं मोठं काम केलेलं मी पहिल्यांदाच पाहत होते. देवासच्या लाइनीवर मी कितीतरी टिकल्या लावल्या असतील. त्या कुठे गेल्या, कोणाचं काय वाचवलं, मला कधीच कळलं नव्हतं.

मातीच्या ओट्यावर बसून, शेजारच्या गावातून मागवलेल्या जनरेटरवर इस्त्री तापवून, मी जुनी टिकली काढली, नवी लावली. लाइनमन तासाभराने आला. न्यूट्रल जोडला. मीटर दोनशे तीसवर येऊन स्थिर झाला, तरी मी दहा मिनिटं थांबले. मग नवा फ्यूज घातला, बॅटरी जोडली तशी शिट्टी पुन्हा सुरू झाली, प्लग लावला. टक्. एकदाच. रिलेने धरलं, हीटर लागला, शिट्टी थांबली.

जेठांनी खिशातली पन्नी काढली, चुरगळली आणि चुलीत टाकली. कोणी त्यांना सांगितलं नव्हतं.

एकविसाव्या दिवशी मला बोलावणं आलं. ह्या वेळी भावजी होते, पण ते मुद्दाम मागे राहिले. पेटीच्या काचेतून आत बघितलं तर अंड्यांना भेगा गेल्या होत्या आणि आतून टोचण्याचा बारीक आवाज येत होता. सगळी नाही निघाली. थोडी राहून गेली, तशी प्रत्येक खेपेत राहतातच, असं बाई म्हणाली. पण ट्रे भरून गेला. ओली, निळसर काळी पिल्लं, पायसुद्धा काळे, एकमेकांच्या अंगावर पडत, उठत.

बाईने एक उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. माझे हात गरम होते. पिल्लू हललं नाही, बसून राहिलं.

दोन दिवसांनी पिल्लं वाळली, चालू लागली, तेव्हा पहिली टोपली घरोघर पोहोचवायला जेठ स्वतः निघाले. प्रत्येक घरी ते पेटीची गोष्ट सांगत होते, असं बाईने मला फोनवर सांगितलं. कशी टिकली जळली, कसा फ्यूज उडाला, आणि फ्यूज उडतो तो का उडायला हवा. "अब सबको डाँटते हैं," ती म्हणाली, "कि पन्नी मत लगाओ. पूछो तो केते हैं, धार वाली भाभी ने सिखाया."

मग तिने विचारलं, पुढची अंडी कधी लावू? मी म्हटलं, बॅटरी एकदा तपासते, मग लाव. परवा येते. एकटीच.